शासन निर्णयाच्या इंग्रजीत ‘इज बीइंग गिव्हन’ येते कुठून?

साताऱ्यातला दावा वर गेला की आजवर मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगलीचे पक्षकार तिकडे जाऊ लागले. वकील कागद जोडतात त्यात शासन निर्णय, म्हणजे जीआर, हमखास असतो. जीआर मराठीत, पण संविधानाच्या अनुच्छेद 348 प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. पुढे प्रकरण दिल्लीला गेले तर इंग्रजी भाषांतर जोडल्याशिवाय मराठी कागद चालत नाही. मग घाईघाईत शब्दाला शब्द ठेवून केलेली भाषांतरे माझ्यासारख्याकडे ‘जरा नीट करून द्या’ म्हणून येतात.

ती नीट करताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. जीआरचे मराठी मुळात इंग्रजीवरून घडलेले आहे. त्यामुळे त्याच्या साच्यातल्या वाक्यांसाठी नवे इंग्रजी शोधावे लागत नाही, जुने परत आणावे लागते.

1848 मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याचे राज्य खालसा केले आणि इथला वरिष्ठ कारभार मुंबई इलाख्याच्या इंग्रजी कागदांवर चालू लागला. जीआर हा त्याच इलाख्याच्या सचिवालयाचा वारसा. वर ‘रीड’ म्हणून आधीचे संदर्भ, मग प्रास्ताविक, मग ‘रेझोल्यूशन’. आजच्या जीआरवरचे ‘वाचा’, ‘प्रस्तावना’, ‘शासन निर्णय’ हे मथळे त्याच उतरंडीतले. ‘वाचा’ या एका शब्दाचा अर्थ लोक मला अजून विचारतात. तो वाचकाला केलेला आग्रह नाही, हा निर्णय घेताना कोणते कागद विचारात घेतले त्याची ती यादी आहे.

1 मे 1960 ला राज्य झाले. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, जन्माने देवराष्ट्रे गावचे, कर्मभूमीने कराडचे. 6 जुलै 1960 ला भाषा संचालनालय स्थापन झाले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा, आणि 1 मे 1966 पासून काही वर्जित प्रयोजने सोडून शासनाचा कारभार मराठीत आला. संचालनालयाने पदनामे, वाक्प्रयोग, परिभाषा सिद्ध केली. शासन व्यवहार कोश 1973 चा. ‘सब्जेक्ट टु’ ला ‘च्या अधीन राहून’, ‘कॉम्पिटंट अथॉरिटी’ ला ‘सक्षम प्राधिकारी’, ‘ॲडमिसिबल’ ला ‘अनुज्ञेय’ अशा जोड्या बसल्या. फार मोठे काम होते ते, आणि तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांनी ते अंगवळणी पाडले.

पण या प्रवासात एक शब्द वाटेत गळला: ‘हिअरबाय’. अधिसूचनेत त्याचे ‘याद्वारे’ टिकून आहे. जीआरमध्ये मात्र नुसते ‘मान्यता देण्यात येत आहे’ एवढेच लिहिण्याची रीत पडली. मराठी वाचणाऱ्याला अडचण नाही, कारण या वाक्यानेच मान्यता मिळाली हे त्याला कळते. भाषांतरकार ‘येत आहे’ पाहून ‘ॲप्रूव्हल इज बीइंग गिव्हन’ लिहितो. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून मान्यतेची प्रक्रिया अजून चालू आहे असे वाटते. ज्या तारखेवर सगळा दावा उभा आहे त्या तारखेला मान्यता होती की नव्हती, हा प्रश्नच मग उपस्थित होऊ शकतो.

एक नमुना घेऊ. वाक्य मी बेतलेले आहे, पण घाट रोजचाच: ‘सदर पाझर तलावाच्या दुरुस्तीच्या रु. 48.60 लक्ष इतक्या रकमेच्या अंदाजपत्रकास खालील अटींच्या अधीन राहून प्रशासकीय मान्यता देण्यात येत असून तांत्रिक मान्यता घेतल्याशिवाय काम सुरू करण्यात येऊ नये व त्यावरील खर्च मंजूर तरतुदीतून भागविण्यात यावा.’

शब्दशः भाषांतरात हे एकाच लांबलचक वाक्यात येते. ‘मान्यता’ दोन्हीकडे ‘ॲप्रूव्हल’ होते, आणि ‘येऊ नये’, ‘यावा’ यांचे ‘शुड नॉट’, ‘शुड’ होते. मी ते असे करतो: ‘गव्हर्नमेंट हिअरबाय अकॉर्ड्स ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ॲप्रूव्हल टु द एस्टिमेट ऑफ रुपीज 48.60 लाख फॉर द रिपेअर ऑफ द सेड परकोलेशन टँक, सब्जेक्ट टु द फॉलोइंग कंडिशन्स. द वर्क शॅल नॉट कमेन्स अन्टिल टेक्निकल सँक्शन हॅज बीन ऑब्टेन्ड. द एक्सपेंडिचर शॅल बी मेट फ्रॉम द सँक्शन्ड प्रोव्हिजन.’

प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करावे व त्यावर इतका खर्च करावा याला दिलेला होकार. तांत्रिक मान्यता म्हणजे सविस्तर अंदाजपत्रक आणि आराखडा अभियंत्याने तपासून दिलेली मंजुरी. बांधकाम खात्याच्या इंग्रजीत पहिली ‘ॲप्रूव्हल’ आणि दुसरी ‘सँक्शन’ हे जुनेच ठरलेले आहे. ‘लक्ष’ चे मिलियन करत नाही. आकडा मूळ कागदाशी डोळ्यांनी ताडता आला पाहिजे.

‘यावा’ चे ‘शॅल’ मात्र डोळे मिटून करू नये. ‘शुड’ ने आदेश सल्ल्यासारखा वाटतो हे खरे, पण काही जीआर मुळातच मार्गदर्शक सूचना देणारे असतात. तिथे ‘शॅल’ घातले तर शासनाने न घातलेले बंधन आपण घातल्यासारखे होते. प्रस्तावना वाचल्याशिवाय हे ठरत नाही. मराठी मोघम असेल तिथे इंग्रजीही मोघमच ठेवतो. वाक्ये तोडतो, पण परिच्छेदांचे क्रमांक हलवत नाही, कारण युक्तिवादात त्या क्रमांकांनीच बोट दाखवले जाते.

काही शब्द असे आहेत की कोशातला पहिला अर्थ घेतला तर फसगत होते. ‘जिल्हाधिकारी किंवा, यथास्थिती, मुख्य कार्यकारी अधिकारी’ यातल्या ‘यथास्थिती’ चे एकदा माझ्यासमोर ‘स्टेटस को’ आले होते. तो ‘ॲज द केस मे बी’ आहे. ‘स्टेटस को’ साठी आपल्याकडे ‘जैसे थे’ आहे. ‘कार्योत्तर मान्यता’ म्हणजे ‘एक्स पोस्ट फॅक्टो ॲप्रूव्हल’. ‘पोस्ट-वर्क’ लिहिले तर काम संपल्यावरची तपासणी वाटते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो जीआरच्या शेपटीत. ‘हा शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने व त्यांच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये निर्गमित करण्यात येत आहे.’ याचे ‘इन्फॉर्मल रेफरन्स’ केले की वित्त विभागाला जाता जाता तोंडी विचारले असा भास होतो. सचिवालयात पत्र न पाठवता फाइलच एका विभागातून दुसऱ्याकडे जाते, त्यावर टिप्पणी होते आणि त्या नोंदीला क्रमांक पडतो. इंग्रजी अमदानीपासून तिचे नाव ‘अनऑफिशियल रेफरन्स’, तिचेच मराठी ‘अनौपचारिक’. म्हणून तिथे ‘विथ द कॉन्करन्स ऑफ द फायनान्स डिपार्टमेंट, व्हाइड इट्स अनऑफिशियल रेफरन्स नंबर’ असेच हवे. खर्चाला वित्त विभागाची संमती होती की नव्हती हे याच ओळीवरून पाहतात.

आणि तिच्याखाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. अनुच्छेद 166 प्रमाणे राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावी लागते, म्हणून ही ओळ असते. इथे काहीही रचू नये: ‘बाय ऑर्डर अँड इन द नेम ऑफ द गव्हर्नर ऑफ महाराष्ट्र’, आणि खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम, मूळ कागदावर आहे तसे.