चार खुंट्यांची किंमत एक

एका रांगेत खुंट्या उभ्या आहेत. दोघं आळीपाळीनं खेळतात. आपल्या पाळीला एक खुंटी पाडायची, किंवा अगदी शेजारशेजारच्या दोन. शेवटची खुंटी जो पाडेल तो जिंकला. या खेळाला केल्स म्हणतात.

एकच रांग असेल तर पहिल्यानं खेळणारा हमखास जिंकतो. खुंट्या विषम असतील तर मधली एक, सम असतील तर मधल्या दोन पाडायच्या. उरलेले दोन भाग सारखेच असतात, म्हणून पुढे समोरच्यानं एका भागात जे केलं ते दुसऱ्या भागात करत राहायचं. पण पाच, चार आणि तीन खुंट्यांच्या तीन रांगा एकदम मांडल्या तर? इथे नक्कल करायला जोडीच नाही.

जर्मनीत स्प्राग यांनी 1935 मध्ये आणि ब्रिटनमध्ये ग्रंडी यांनी 1939 मध्ये, एकमेकांचं काम ठाऊक नसताना, याचं उत्तर शोधलं. प्रत्येक रांगेला एक आकडा द्यायचा, तिची निम-किंमत. तो काढायची रीत अशी: त्या रांगेतून एका चालीत जिथे जिथे पोहोचता येतं तिथल्या किमती लिहा आणि शून्यापासून मोजत त्यांत नसलेली पहिली संख्या घ्या. हिला मेक्स म्हणतात.

रिकाम्या रांगेची किंमत 0. एका खुंटीवरून फक्त 0 गाठता येतो, म्हणून तिची 1. दोन खुंट्यांवरून 0 आणि 1 गाठता येतात, म्हणून 2. तीनच्या रांगेत मधली खुंटी पाडली की एक-एक खुंटीचे दोन तुकडे होतात, आणि इथे बरेच जण फसतात. तुकड्यांच्या किमतींची साधी बेरीज चालत नाही, निम-बेरीज करावी लागते. प्रत्येक किंमत 1, 2, 4, 8 अशा तुकड्यांत फोडायची आणि जोडीनं आलेले तुकडे खोडायचे. 1 आणि 1 खोडले जातात, उरतो 0. बाकीच्या चालींनी 2 आणि 1 मिळतात. म्हणून तीनची किंमत 3.

आता चारची रांग. एका टोकाची खुंटी पाडली तर तीनची रांग उरते, किंमत 3. टोकाशेजारची पाडली तर एक आणि दोन असे तुकडे पडतात, त्यांचीही निम-बेरीज 3. टोकाच्या दोन पाडल्या तर 2, मधल्या दोन पाडल्या तर 0. यादीत 0, 2, 3 आहेत पण 1 नाही. म्हणजे चार खुंट्यांची किंमत 1, एकट्या खुंटीएवढी! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आकडेमोडीत काहीतरी चुकलंय.

चुकलेलं नाही. चारवरून तुम्ही 2 किंवा 3 किमतीवर उडी मारलीत, तरी समोरचा ती लगेच 1 वर परत आणू शकतो, कारण जिची किंमत 3 आहे तिथून 0, 1, 2 या सगळ्या किमती गाठता येतातच. मेक्सची व्याख्या तेवढं वचन देते. वर चढण्याचा फायदा टिकत नाही, म्हणून फक्त खाली कुठवर जाता येतं एवढंच मोजायचं.

पाचच्या रांगेतून 0, 1, 2, 3 सगळे मिळतात, तिची किंमत 4. मग आपल्या तीन रांगांच्या किमती 4, 1, 3. 3 म्हणजे 2 आणि 1; दोन्ही 1 खोडले की उरतात 4 आणि 2, म्हणजे 6. हा आकडा शून्य नाही, तेव्हा ज्याची पाळी आहे तो जिंकू शकतो. त्यानं चाल अशी करावी की निम-बेरीज शून्य होईल. 4 आणि 6 यांची निम-बेरीज 2, म्हणून पाचच्या रांगेची किंमत 4 वरून 2 करायची. टोकाकडून दुसरी खुंटी पाडा: एक आणि तीन उरतात, किमती 1 आणि 3, निम-बेरीज 2. आता पटावर एक, तीन, चार, तीन आहेत. दोन तीनच्या रांगा एकमेकींचा हिशेब चुकवतात, आणि चारची रांग एकट्या खुंटीचा!

जिंकणारी चाल नेहमी किंमत घटवणारीच असते असं मात्र समजू नका. पटावर फक्त चार आणि तीन असतील तर तीनमधल्या टोकाच्या दोन पाडून एक ठेवता येते. पण चारमधली टोकाची एक पाडून तीन आणि तीन ठेवणंही तेवढंच चालतं, आणि तिथे चारच्या रांगेची किंमत 1 वरून 3 वर जाते. किमती घटवणाऱ्याच चाली तपासल्या तर ही चाल सुटते.

तक्ता पुढे वाढवताना एक सोपी पडताळणी ठेवा. एकट्या रांगेत पहिला नेहमी जिंकतो, म्हणून रिकामी सोडून कुठल्याच रांगेची किंमत शून्य येऊ शकत नाही. आली तर एखादी चाल मोजायची राहिली आहे. रांग 71 खुंट्यांची झाली की पुढे दर बारा खुंट्यांनी किमती पुन्हा त्याच क्रमानं येतात, त्यामुळे हजार खुंट्यांच्या रांगेलाही लहानसा तक्ता पुरतो.

हे सगळं दोन्ही खेळाडूंना सारख्याच चाली असतील आणि शेवटची चाल करणारा जिंकत असेल तरच लागू होतं. नियम उलटा केला, शेवटची खुंटी पाडणारा हरला, तर एकट्या खुंटीवरच मांडणी उलटते: किंमत 1 असूनही ज्याची पाळी तो हरतो. तिथे हा तक्ता उपयोगाचा नाही.