‘रिव्हर्सिबल’ म्हणजे आपोआप बरा होणारा नव्हे

‘बाबांच्या थॅलियम रिपोर्टमध्ये रिव्हर्सिबल डिफेक्ट आलाय. म्हणजे ब्लॉकेज आपोआप जाणार ना?’ (देवगडहून एक मुलगी)

नाही. बदलतं ते चित्र, अडथळा तिथेच असतो. थॅलियम तपासणीत ट्रेडमिलवर चालताना हृदयाच्या एका भागात किरणोत्सारी द्रव्य कमी पोचलं, विश्रांतीत तिथेच नीट पोचलं. म्हणजे स्नायू जिवंत आहे, पण श्रमात रक्त अपुरं पडतं. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी एरवी पुरतं, वैशाखात शेवटच्या झाडांना पुरत नाही, तसं. दोन्ही वेळा डाग राहिला, तर बहुधा जुना व्रण.

स्ट्रेस इको, म्हणजे श्रमाच्या वेळची हृदयाची सोनोग्राफी, ही वेगळी तपासणी. त्यात किरणोत्सार नसतो. तिथे हृदयाच्या भिंतीची हालचाल पाहतात. रक्त आधी कमी पडतं, हालचाल नंतर मंदावते, म्हणून सौम्य दोष इकोत निसटू शकतो.

घाटी चढताना बाबांची छाती दाटते ना? आंबे उतरवणं थांबवा, याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. बसल्याजागी दुखलं, तर मात्र तडक इस्पितळ गाठा.