पॉवर बँकेवरचे दोन आकडे कुठून आले?

पॉवर बँक उलटी करून पाहिली, तर मागच्या बारीक अक्षरांत बहुधा दोन क्षमता छापलेल्या सापडतात. एक तीच, जी खोक्यावर ठळक मिरवते: १०,००० एमएएच. तिच्याखाली 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बराच लहान आकडा असतो, समजा ६,००० एमएएच, आणि पुढे '५ व्होल्ट, ३ अँपिअर' असा उल्लेख. हा दुसरा आकडा पहिल्यांदा नजरेस पडला की आपल्याला गंडवलं अशीच बहुतेकांची भावना होते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खरे असू शकतात. पहिला आतल्या बॅटरीचा आहे, दुसरा यूएसबीच्या तोंडाशी मिळणाऱ्या विजेचा. तक्रार करायचीच तर ती कुठला आकडा मोठ्या अक्षरांत छापला याबद्दल करायला हवी.

एमएएच, म्हणजे मिलीअँपिअर-अवर, हे विद्युतभाराचं माप आहे. किती प्रवाह किती वेळ मिळेल, एवढंच ते सांगतं. ऊर्जा किती, हे कळायला त्याला व्होल्टेजने गुणावं लागतं. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे मोबाइल फोनमध्ये तीच रुळली, तेव्हा या गुणाकाराची कुणाला गरज भासली नाही. बहुतेक फोनमध्ये एकच सेल असे आणि त्याचं सरासरी व्होल्टेज ३.६ किंवा ३.७ धरलं जाई. व्होल्टेज सगळीकडे सारखंच असेल, तर एका फोनचे ९०० एमएएच आणि दुसऱ्याचे १,२०० यांची तुलना सरळ होती. लोकांना त्या आकड्याची सवय लागली ती याच काळात.

पॉवर बँक आली आणि ही सोय मोडली. सुरुवातीच्या अनेक पॉवर बँकांत लॅपटॉपच्या बॅटरीत वापरतात तेच गोल सेल असत, १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, म्हणून त्यांचं नाव १८६५०. बाजारात दिसलेले १०,४०० आणि २६,८०० असे विचित्र आकडे याच सेलांच्या बेरजेतून आले: २,६०० चे चार, ३,३५० चे आठ. सेल समांतर जोडलेले असल्याने एमएएचची बेरीज होते, व्होल्टेज मात्र ३.६-३.७ च राहतं. यूएसबीला लागतात ५ व्होल्ट. म्हणून मध्ये व्होल्टेज चढवणारं सर्किट येतं. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच ऊर्जेतून मिळणारे एमएएच कमी होतात, आणि सर्किट तापतं त्यात थोडी ऊर्जा जाते ती वेगळीच.

हिशेब करून पाहू. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर; त्याला ३.७ व्होल्टने गुणलं की ३७ वॉट-अवर, म्हणजे ऊर्जेच्या मापातला आकडा, मिळतो. हीच ऊर्जा ५ व्होल्टला मोजली तर ७,४०० एमएएच भरते. इथपर्यंत काहीही वाया गेलेलं नाही, फक्त मोजण्याची जागा बदलली. आता मागे छापलेला ६,००० घ्या. ५ व्होल्टला ६,००० म्हणजे ३० वॉट-अवर, म्हणजे ३७ पैकी साधारण ८१ टक्के बाहेर आले. ३ अँपिअरसारख्या मोठ्या प्रवाहाला हे वाईट नाही. तोच प्रवाह १ अँपिअर ठेवला तर आकडा थोडा वर जाईल, म्हणूनच रेटेड कपॅसिटीपुढे व्होल्टेज आणि प्रवाह लिहिलेले नसतील तर तो आकडा अर्धवट समजावा.

या ३० वॉट-अवरमधून फोन किती वेळा भरेल? ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे सुमारे १९ वॉट-अवरची असते. केबलमध्ये आणि फोनच्या स्वतःच्या चार्जिंग सर्किटमध्ये पुन्हा दहा-पंधरा टक्के जातात असं धरलं, तर बॅटरीपर्यंत जेमतेम २६ पोचतात. फोन एकदा पूर्ण भरतो आणि वर तिसऱ्या हिश्श्याइतकी भर पडते. १०,००० ला ५,००० ने भागून 'दोनदा फुल चार्ज' लिहिणारी जाहिरात इथे उघडी पडते. माझ्या मते खरी लबाडी या ओळीत आहे, कारण आकडा खरा ठेवून निष्कर्ष खोटा काढला आहे.

पुढे फास्ट चार्जिंगने गोंधळ वाढवला. यूएसबी पॉवर डिलिव्हरीचं पहिलं मानक २०१२ मध्ये आलं, टाइप-सी २०१४ मध्ये, आणि एकाच पोर्टमधून ५, ९, १५, २० असे वेगवेगळे व्होल्ट मिळू लागले. आता वरची पॉवर बँक ९ व्होल्टवर रिकामी करून छोट्या यूएसबी मीटरने मोजली, तर मीटर ३,३०० एमएएचच्या आसपास थांबेल. हे वाचून '१०,००० सांगून ३,३०० च दिले' असं ओरडणारे पुष्कळ भेटतात. त्याच मीटरवर वॉट-अवरचा आकडाही असतो आणि तो ३० च्या जवळपासच असतो. चार्जरच्या वॉटचंही असंच आहे. '६५ वॉट' हा बहुधा एकट्या पोर्टचा आकडा असतो. दुसऱ्या पोर्टला काही लावलं की तो ४५ आणि २० असा वाटला जातो. १०० वॉटच्या चार्जरला साधी ३ अँपिअरची केबल लावली तर २० व्होल्टला ६० वॉटच्या वर गाडी जात नाही.

वॉट-अवर छापायला लावलं ते ग्राहकांनी नव्हे, विमान वाहतुकीने. लिथियम बॅटरीच्या आगीची भीती ऊर्जेशी जोडलेली असल्याने संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक माल वाहतुकीच्या नियमांनुसार १ जानेवारी २००९ पासून बनलेल्या लिथियम-आयन बॅटरीच्या बाहेरच्या आवरणावर वॉट-अवर लिहिणं आवश्यक झालं. प्रवाशांसाठी मर्यादाही त्याच मापात आहेत: १०० वॉट-अवरपर्यंत विशेष परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती हवी, त्यावर नाही. पॉवर बँक जाते ती हातातल्या सामानातूनच. मघाचा २६,८०० हा आकडा इथे पुन्हा अर्थपूर्ण होतो, ३.७ ने गुणल्यावर तो ९९.१६ येतो, शंभराच्या जरासा अलीकडे.

सरळसरळ बनावट माल ओळखायलाही हेच माप कामी येतं. तळहातात मावणारी, ३०० ग्रॅमची, '५०,००० एमएएच'ची पॉवर बँक घ्या. ३.७ ने गुणलं की १८५ वॉट-अवर होतात. या कामाचे चांगले लिथियम-आयन सेल किलोमागे साधारण २५० वॉट-अवर देतात, म्हणजे नुसत्या सेलांचंच वजन ७४० ग्रॅम हवं. आवरण आणि सर्किट निराळं. ३०० ग्रॅममध्ये ते बसणार नाही. त्यातच खोक्यावर विमानात चालते असं चित्र असेल, तर विक्रेत्याने स्वतःलाच खोटं पाडलं आहे. १८५ वॉट-अवरची पॉवर बँक प्रवाशाला विमानात नेताच येत नाही.