भिंतीवरचा गारा आणि ब्रशवरची टूथपेस्ट

धाब्याच्या घराला पांढऱ्या मातीचा गिलावा देणारा आमच्याकडचा गवंडी आधी गारा हातात घेऊन बघतो. पाणी जास्त झालं तर तो भिंतीवरून खाली येतो, कमी पडलं तर थापीखाली पसरत नाही. नीट जमलेला गारा थापीच्या जोराने लोण्यासारखा सरकतो आणि थापी उचलली की जागीच थांबतो. टूथपेस्टही तेच करते.

न्यूटनने १६८७ मध्ये द्रवांबद्दल एक सोपं गृहीतक मांडलं: थर एकमेकांवरून जितक्या वेगाने सरकतील, तितक्याच प्रमाणात त्यांचा विरोध वाढतो. पाणी आणि गोडेतेल असंच वागतं. जोर कितीही थोडा असो, ते हळू का होईना, वाहतंच.

अमेरिकेतल्या यूजीन बिंगहॅमने मातीचं पाण्यातलं मिश्रण बारीक नळीतून दाबाने ढकललं आणि १९१६ मध्ये आपला निष्कर्ष छापला. दाब ठरावीक मर्यादेच्या पुढे गेल्याशिवाय माती नीट वाहायलाच तयार नव्हती. पुढे १९१९ मध्ये हेन्री ग्रीनसोबत त्याने भिंतीला लावायच्या रंगाबद्दलही हेच दाखवलं. वाहण्याच्या या अभ्यासाला ‘रिऑलॉजी’ हे नाव मिळालं आणि १९२९ मध्ये त्याची संस्थाही उभी राहिली.

हा किमान जोर घरच्या घरी मोजता येतो. स्टीलच्या ताटात केचपचा जाड थर पसरा आणि ताट उभं धरा. बराचसा केचप ओघळेल, पण एक पातळ थर चिकटून राहील. समजा, तो २ मिलिमीटर भरला. केचपची घनता घनमीटरला सुमारे ११०० किलो धरली, तर घनता, गुरुत्वाकर्षणाचे साधारण १० आणि मीटरमधली जाडी यांचा गुणाकार, ११०० × १० × ०.००२, म्हणजे २२ पास्कल. टूथपेस्टचा आकडा याच्या कितीतरी पट असतो, म्हणून तिचा सेंटीमीटरभर उंच गोळाही ब्रशवर ताठ राहतो. केचपचं आणखी एक आहे: एकदा हलला की तो जोराबरोबर पातळ होत जातो. म्हणूनच बाटली आधी काहीच देत नाही आणि मग भसकन ओतते.

कॉर्नफ्लॉवरची गोष्ट याच्या उलट आहे, आणि मला तीच जास्त विलक्षण वाटते. दोन वाट्या पिठात साधारण एक वाटी पाणी कालवा. बोट हळूच बुडवलं तर आत जातं, बुक्की मारली तर दगडावर आपटल्यासारखी लागते. हळू ढवळताना स्टार्चच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर टिकतो. जोराने दाबलं की तो थर निघून जातो, कण थेट एकमेकांना घासतात आणि अडकतात. घर्षणाचं हे स्पष्टीकरण २०१३-१४ च्या सुमारास पक्कं होत गेलं. बुक्की मारून काहीच जाणवलं नाही, तर पाणी जास्त झालंय किंवा पीठ तळाशी बसलंय. खालून खरवडून पुन्हा कालवा.