काशीच्या चौसष्ट चकत्या आणि जग बुडायचा हिशोब

परत एकदा तो फॉरवर्ड फिरतोय. काशीच्या एका देवळात म्हणे हिऱ्याच्या तीन सुया आहेत, एका सुईवर सृष्टीच्या आरंभी ब्रह्मदेवानं सोन्याच्या ६४ चकत्या रचून ठेवल्या, पुजारी रात्रंदिवस त्या एकेक करून दुसऱ्या सुईवर हलवतायत आणि शेवटची चकती बसली की जग खलास. खाली नेहमीप्रमाणे हात जोडलेले आणि "आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं".

तर ही गोष्ट आपल्या पूर्वजांची नाहीच मुळी. एदुआर लुकास नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये आठ लाकडी चकत्यांचं एक खेळणं बाजारात आणलं, 'हॅनॉईचा मनोरा' या नावानं, आणि स्वतःचं नाव न टाकता 'सयामचे प्राध्यापक एन. क्लाऊस' असं टाकलं (Claus ची अक्षरं उलटसुलट केली की Lucas होतं बघा). देवळाची गोष्ट या खेळण्याच्या प्रचाराचा भाग. असं देऊळ काशीत नाही, पण खेळण्यातलं गणित मात्र शंभर टक्के खरं आहे आणि मला त्याबद्दलच बोलायचंय.

नियम दोनच. एका वेळी एकच चकती उचलायची, तीही सगळ्यात वरची, आणि मोठी चकती लहान चकतीवर कधीच ठेवायची नाही. दांडे तीन, त्यांना अ, ब, क म्हणू. सगळा मनोरा अ वरून क वर न्यायचा. एक चकती असेल तर एक चाल, दोन असतील तर तीन. तीन चकत्यांचं करून बघा, घरात खेळणं नसेल तर एक, दोन आणि पाच रुपयांची नाणी घ्या किंवा कागदाचे लहानमोठे गोल कापा: लहान क वर, मधली ब वर, लहान उचलून मधलीवर. आता अ वर फक्त मोठी उरली आणि क पूर्ण रिकामा आहे, तर मोठी क वर. मग लहान अ वर, मधली क वर, लहान तिच्यावर. झाल्या सात चाली. चार चकत्यांना १५ लागतात, पाचला ३१, आणि लुकासच्या आठ चकत्यांना २५५. म्हणजे एक चकती वाढली की आधीच्या चालींची दुप्पट अधिक एक.

आता शाळेत हे 'सूत्र' म्हणून सांगतात आणि पुढं जातात, पण खरी गंमत याच्यात आहे की यापेक्षा कमीत होणारच नाही हे कशावरून? कुणीतरी हुशार निघेल आणि तीन चकत्या सहा चालींत हलवेल, असं का नाही होत?

उत्तर सगळ्यात खालच्या चकतीकडे आहे. ती कधीतरी हलायलाच पाहिजे. ती पहिल्यांदा हलते त्या क्षणी परिस्थिती काय असते ते नीट बघा. तिच्या डोक्यावर काही नको, नाहीतर ती उचलता येणार नाही. ती जिथं जाणार त्या दांड्यावरही काही नको, कारण तिथं काहीही असलं तरी ते तिच्यापेक्षा लहानच असणार आणि लहानावर मोठी चालत नाही. म्हणजे दोन दांडे गेले. मग बाकीच्या सगळ्या चकत्या उरलेल्या एकाच दांड्यावर असल्या पाहिजेत, आणि एका दांड्यावर त्या क्रमानं रचूनच राहू शकतात, दुसरा पर्याय नाही. म्हणजे मोठी हलायच्या आधी तुम्हाला एक चकती कमी असलेला अख्खा मनोरा पूर्ण हलवावाच लागला! आणि मोठी शेवटची हलून जागेवर बसली की तोच मनोरा परत एकदा पूर्ण हलवून तिच्यावर आणायचा. एकदा आधी, एकदा नंतर, मध्ये मोठीची स्वतःची किमान एक चाल. दुप्पट अधिक एक तिथून येतं, आणि यातलं काहीच टाळता येत नाही.

हेच प्रत्येक चकतीच्या बाजूनं मोजलं तर आणखी मजा येते. मोठी एकदाच हलते, तिच्यावरची दोनदा, त्याच्यावरची चारदा, मग आठदा, असं करत आठ चकत्यांच्या मनोऱ्यात सगळ्यात लहान १२८ वेळा. बेरीज २५५. इथं एक शंका येते की दुसरीच्या दोन चाली आहेत, तर तिसरी पहिल्या चालीच्या वेळी बाजूला झाली की तिथंच थांबू दे, परत यायचं आणि परत जायचं कशाला? पण दुसरीच्या त्या दोन चालींच्या मध्ये मोठी हलते ना, आणि त्या वेळी तिसरीला दुसरीच्याच डोक्यावर यावं लागतं, कारण दुसरा दांडा शिल्लकच नसतो. म्हणून चारच्या चार चाली भराव्या लागतात.

यातून एक भन्नाट गोष्ट निघते: कितव्या चालीला कुठली चकती हलणार हे मनोऱ्याकडे न बघता सांगता येतं. चालीच्या नंबरला २ ने जितक्या वेळा भाग जातो ते मोजा आणि त्यात एक मिळवा. चोविसावी चाल? २४, १२, ६, ३, म्हणजे तीन वेळा भाग गेला, तर वरून चौथी चकती. विषम नंबरला नेहमी सगळ्यात लहान. म्हणून खेळताना लहान चकती लागोपाठ दोनदा उचललीत तर समजा एक चाल फुकट गेली.

बहुतेक जण मात्र पहिल्याच चालीला चुकतात. चकत्यांची संख्या विषम असेल तर लहान चकती आधी थेट क वर टाकायची, सम असेल तर ब वर. चार चकत्या घेऊन पहिली क वर टाकलीत आणि पुढं सगळं अगदी बरोबर केलंत तर १५ चालींनंतर मनोरा मस्त उभा राहतो, फक्त क ऐवजी ब वर.

बरं, त्या पुजाऱ्यांचं काय? ६४ चकत्यांना १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली. सेकंदाला एक, न चुकता, न झोपता, तरी अंदाजे ५८,५०० कोटी वर्षं. विश्वाचं वय आजवर १,३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे. तेव्हा फॉरवर्डवाल्यांनी निवांत झोपावं.

पण हा राक्षसी आकडा ६४ मुळे आलाय असं वाटत असेल तर थांबा, तो दांडे तीनच आहेत म्हणून आलाय. वरचा युक्तिवाद परत वाचा, सगळी कोंडी "उरलेला एकच दांडा" इथं आहे. चौथा दांडा दिला की मोठी हलताना बाकीच्या चकत्या दोन दांड्यांवर वाटून ठेवता येतात, मग प्रत्येक चकतीला दुप्पट होत नाही. आठ चकत्या २५५ ऐवजी ३३ चालींत होतात, आणि ६४ चकत्या १८,४३३ चालींत, म्हणजे पुजाऱ्यांचं काम पाच तास आणि वर काही मिनिटांत आटपतं. ही पद्धत १९४१ पासून माहीत होती, पण चार दांड्यांना याहून कमीत होतच नाही हे सिद्ध व्हायला २०१४ उजाडलं, तेव्हा थिएरी बूश यांनी ते केलं. पाच किंवा जास्त दांड्यांसाठी सर्वसाधारण सिद्धता अजून कुणाकडे नाही.