चार्ज करताच डिफरन्शियल का उडतो: इनरश करंट आणि १५ टक्क्यांच्या सेटिंगची पार्श्वभूमी

ट्रान्सफॉर्मर नो-लोडवर चार्ज केला, ब्रेकर लागला आणि दोन-तीन सायकलमध्ये डिफरन्शियल रिलेने उडवला. तपासणीत काहीच सापडत नाही आणि पुन्हा चार्ज केल्यावर तोच ट्रान्सफॉर्मर शांतपणे उभा राहतो. हे काम इनरशचे, म्हणजे चार्ज होताना कोअर सॅच्युरेट झाल्याने काही काळ ओढल्या जाणाऱ्या मोठ्या मॅग्नेटायझिंग करंटचे. १८९२ मध्येच अशा करंटची नोंद झाली होती. त्याचा त्रास मात्र डिफरन्शियल संरक्षण आल्यावर सुरू झाला, कारण डिफरन्शियल रिले दोन्ही बाजूंच्या करंटमधला फरक पाहतो, तर इनरश फक्त चार्ज होणाऱ्या बाजूने वाहतो आणि दुसऱ्या बाजूच्या करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे सीटीत, त्याचा मागमूस नसतो. रिलेच्या हिशोबात तो सगळाच्या सगळा आतला फॉल्ट ठरतो.

सुरुवातीचा उपाय म्हणजे चार्जिंगपुरता रिलेला उशीर लावणे किंवा त्याची संवेदनशीलता कमी करणे. यात ज्या क्षणी इन्सुलेशनची खरी परीक्षा असते, नेमक्या त्याच क्षणी संरक्षण ढिले पडते. १९३८ च्या सुमारास हार्मोनिकच्या आधारे रिले रोखण्याची कल्पना मांडली गेली आणि १९५८ मध्ये फक्त दुसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेच्या भागावर, चालणारी पद्धत प्रसिद्ध झाली. इनरशची लहर एकाच बाजूला झुकलेली असते, म्हणून तिच्यात दुसरा हार्मोनिक भरपूर असतो. फॉल्टच्या करंटमध्ये तो नगण्य असतो. डिफरन्शियल करंटमधला दुसरा हार्मोनिक मूळ वारंवारतेच्या करंटच्या १५ ते २० टक्क्यांहून जास्त दिसला, तर ट्रिप रोखायचा, असा ठोकताळा त्यातून रुळला. अनेक न्यूमेरिकल रिलेंत आजही १५ हाच आकडा भरलेला आढळतो.

तो आकडा जिथे तोकडा पडतो, ते एक उदाहरण सोडवून पाहू. २० एमव्हीए, १३२/३३ केव्ही ट्रान्सफॉर्मर, एचव्ही बाजू स्टार, एलव्ही डेल्टा. एचव्हीचा रेटेड करंट साधारण ८७ अँपिअर आणि डिफरन्शियलचा पिकअप २० टक्के, म्हणजे जेमतेम १७ अँपिअर. कोअर १.७ टेस्लावर काम करतो आणि २.०४ टेस्लाला सॅच्युरेट होतो, म्हणजे नेहमीच्या कमाल फ्लक्सच्या १.२ पटीवर. मागच्या वेळी बंद करताना आर फेजमध्ये ०.७ पट फ्लक्स शिल्लक राहिला, वाय फेजमध्ये तितकाच पण उलट दिशेचा आणि बी फेजमध्ये शून्य. आता ब्रेकर असा लागला की बी फेजचे व्होल्टेज नेमके शिखरावर होते. त्यामुळे बी फेजचा फ्लक्स सरकतच नाही, आरचा ०.८७ पट वर आणि वायचा तितकाच खाली सरकतो. शिल्लक फ्लक्स धरून ही सरक १.५७ पट होते.

व्होल्टेज ड्रॉप आणि क्षय सोडून दिला, तर या सरकीने आर फेजचा कोअर प्रत्येक सायकलमध्ये सुमारे २२३ अंश सॅच्युरेट राहतो. करंटच्या अशा स्पंदात दुसऱ्या हार्मोनिकचे प्रमाण २३ टक्के येते. वायचा स्पंद तसाच, फक्त उलट दिशेचा. २३ हे १५ पेक्षा बरेच जास्त, म्हणजे रिले थांबायला हवा.

गोम पुढे आहे. स्टार बाजूचा शून्य-क्रमाचा करंट वगळण्यासाठी रिले दोन फेजची वजाबाकी करतो. पूर्वी ते काम डेल्टात जोडलेले सीटी करत, आता सॉफ्टवेअर करते. आर वजा वाय करताना वायचा उलटा स्पंद सुलटा होतो आणि आरच्या स्पंदाला ६० अंशांच्या अंतराने चिकटतो. या बेरजेत मूळ वारंवारतेचा करंट १.७३ पट होतो, पण दुसरा हार्मोनिक होता तेवढाच राहतो. २३ चे १३.५ टक्के झाले आणि रिलेच्या त्या एका घटकाने ट्रिप दिला. वाय-बी आणि बी-आर या घटकांत मात्र २३ टक्केच आहेत.

कोअर थोडा सैल डिझाइन केलेला असता, म्हणजे सॅच्युरेशन १.४ पटीवर असते, तर हेच आकडे ३३ आणि १९ आले असते आणि १५ च्या सेटिंगने वाचवले असते. कोअर जितका सॅच्युरेशनच्या जवळ वापरावा, तितका हार्मोनिकचा हा हिशोब कोलमडतो. करंटची लहर पाहून निर्णय घेणाऱ्या पद्धतीही यातून पूर्ण सुटत नाहीत. ५० हर्ट्झला आर फेजच्या लहरीत साधारण ७.६ मिलिसेकंदांचा सपाट भाग दिसतो, तर आर-वायमध्ये तो ४.३ वर येतो. पाव सायकल, म्हणजे ५ मिलिसेकंद सपाट भाग मागणारा रिले त्या घटकात याला इनरश म्हणणारच नाही.

इथूनच क्रॉस-ब्लॉकिंगचा वाद सुरू होतो. एका घटकाला इनरश दिसला की तिन्ही रोखायचे, असे ठेवले तर वरचा ट्रिप टळतो, आणि बहुतेक ठिकाणी तक्रार आली की हाच पर्याय घाईने चालू केला जातो. आता याच ट्रान्सफॉर्मरच्या वाय फेजमध्ये चार-सहा वेढे आधीच शॉर्ट झालेत असे धरा. आर-वाय आणि वाय-बी या घटकांत फॉल्टचा करंट मिसळून हार्मोनिकचे प्रमाण घसरेल, पण बी-आर २३ टक्क्यांवर अडून बसेल आणि तिघांनाही धरून ठेवेल. असा फॉल्ट हार्मोनिक न पाहणाऱ्या हाय-सेटपर्यंत पोहोचत नाही, कारण तो सेट इनरशच्या वर, बहुधा रेटेडच्या ८ ते १० पट ठेवलेला असतो. इनरश ओसरायला मोठ्या ट्रान्सफॉर्मरला काही सेकंद सहज लागतात, आणि तेवढा वेळ शॉर्ट झालेले वेढे जळत राहतात. कायमच्या क्रॉस-ब्लॉकिंगचे समर्थन करणारे ही बाजू फारशी मांडत नाहीत.

त्यापेक्षा क्रॉस-ब्लॉकिंगला वेळेची मर्यादा घालणे बरे. सर्वात कमी हार्मोनिक पहिल्या काही सायकलमध्येच असतो. सरक ओसरू लागली की स्पंद अरुंद होतो आणि प्रमाण आपोआप वाढते. म्हणून क्रॉस-ब्लॉकिंग किती सायकल हवे, हे प्रत्यक्ष रेकॉर्डमध्ये प्रत्येक घटक १५ च्या वर कधी जातो ते पाहून ठरवावे. सेटिंग १२ वर आणणे हा दुसरा मार्ग. त्याची किंमत अशी की आतल्या मोठ्या फॉल्टमध्ये सीटी सॅच्युरेट झाला, तर त्याच्या दुसऱ्या हार्मोनिकमुळेही ट्रिप लांबू शकतो.

ट्रिप खोटा होता का, हे डिस्टर्बन्स रेकॉर्डवरून कळते, पण त्यासाठी रिलेने वजाबाकी केलेली लहर न पाहता एचव्ही सीटीचे मूळ करंट उघडावेत. आर पूर्ण शून्याच्या वर, वाय पूर्ण खाली, प्रत्येक सायकलमध्ये सपाट भाग, सायकलगणिक घटणारे शिखर आणि एलव्हीत काहीही नाही, ही इनरशची खूण. फॉल्टचा करंट शून्याच्या दोन्ही बाजूंना जातो आणि त्यात असा सपाट भाग नसतो. लहर कितीही स्वच्छ दिसली तरी बुखोल्झमध्ये गॅस साचला आहे का हे पाहिल्याशिवाय पुन्हा चार्ज करू नये.

शिल्लक फ्लक्सचे एक कारण नेहमी नजरेतून सुटते. वाइंडिंगचा रेझिस्टन्स डीसीने मोजला की कोअर एका दिशेला चुंबकित राहतो, आणि देखभालीनंतरचे पहिलेच चार्जिंग उडण्यामागे पुष्कळदा हेच असते. चाचणी संपल्यावर त्याच वाइंडिंगला डीसी उलटसुलट दिशेने, प्रत्येक फेरीत कमी करत द्यावा आणि मग कमी व्होल्टेजवर तिन्ही फेजचा मॅग्नेटायझिंग करंट मोजून जुन्या नोंदीशी ताडावा. तो नोंदीपेक्षा बराच वेगळा आला, तर कोअर अजून मोकळा झालेला नाही.