पंख्यावरचं तेल वाळतं तेव्हा

चवथीला आठ-दहा दिवस उरले की फोंड्यातल्या आमच्या इमारतीत घराघरांतून साफसफाईला जोर येतो. या वेळी शेजारच्या काकूंनी मला हाक मारली ती बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनसाठी. फॅन फिरत होता, पण घरघरत होता, आणि अंघोळीनंतर तासभर आरसा धूसरच राहायचा. जाळी त्यांनी स्वतःच काढून साबणाने घासली होती. "वरची धूळ गेली रे, पण खालचं जातच नाही. डिंकासारखं बोटाला चिकटतंय," त्या म्हणाल्या.

जाळी मी खिडकीत उजेडाकडे धरली. पट्ट्यांच्या कोपऱ्यांत, जिथे ब्रश पोचला नव्हता, तिथे तीन थर स्पष्ट दिसत होते. सगळ्यात वर राखाडी लव, म्हणजे टॉवेलचे तंतू, पावडर आणि आपल्याकडची तांबडी माती. त्याखाली मधाच्या रंगाचा, नख लावलं की किंचित दबणारा थर. आणि अगदी तळाला, प्लास्टिकला घट्ट धरून बसलेला, काचेसारखा कडक पिवळा पापुद्रा. काकूंचा साबण पहिल्या थरावर चालला होता, दुसऱ्यावर अर्धवट, तिसऱ्यावर अजिबात नाही. हे तिन्ही थर वेगवेगळे का वागतात हे कळलं की फॅन कसा धुवायचा ते आपोआप कळतं.

आधी प्रश्न असा की बाथरूममध्ये तेल आलं कुठून? अंगाला, केसांना लावलेलं खोबरेल वाफेबरोबर उडून इथे बसलं असेल असं काकूंना वाटत होतं. पण खोबरेल असं चिकट होत नाही. डिंक होतो तो तळणाच्या तेलाचा. कढईत बांगडा तळताना किंवा नेवऱ्या सोडताना तेलाचे बारीक थेंब हवेत उडतात. त्यातले मोठे शेगडीभोवतीच पडतात, पण १ मायक्रॉनचा थेंब, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, स्थिर हवेत एक मीटर खाली यायला आठ-नऊ तास घेतो. तेवढ्या वेळात तो हवा नेईल तिकडे जातो.

आणि हवा इथे बाथरूमकडेच जात होती. काकूंच्या स्वयंपाकघराला चिमणी नाही, पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, आणि समोरच्या बाथरूमचा फॅन दिवसभर चालू असतो. फॅन जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी त्याला घरातूनच कुठून तरी ओढून घ्यावी लागते. ती शेगडीवरून येत होती. डक्टमधून खालच्या मजल्याचा धूर उलटा येत असता तर बाहेरच्या झडपांवर आणि पात्यांच्या मागच्या बाजूला मळ जास्त दिसला असता. इथे जाळीची घराकडची बाजू जास्त माखलेली होती. तुमच्याकडे तेल कुठून येतं हे पाहायचं असेल तर पुसण्याआधी एवढं एकदा बघून घ्या.

आता तेल वाळतं म्हणजे काय, ते. पाणी वाळतं तेव्हा ते उडून जातं. तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेतं. सूर्यफूल किंवा सोयाबीनच्या तेलात लिनोलिक आम्लाचं प्रमाण मोठं असतं. या आम्लाच्या लांब साखळीत दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात, आणि ऑक्सिजन तिथेच घुसतो. मग शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि सुट्या रेणूंचं जाळं विणलं जातं. सुरुवातीला ते चिकट लागतं, महिन्यांनी रबरासारखं होतं, पुढे वार्निशसारखं कडक. जवसाच्या तेलाने रंगवलेलं लाकूड याच क्रियेने वाळतं. खोबरेल तेलात मात्र ९० टक्क्यांच्या आसपास संतृप्त आम्लं असतात, त्यांत असे बंधच नाहीत, म्हणून ते तेलकटच राहतं. काकूंच्या जाळीवरचा मधला थर अर्धा विणलेला होता आणि तळचा पूर्ण विणलेला.

त्यात आपली हवा भर घालते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. त्यामुळे मळाचा थर ओलसर राहतो, नवी धूळ लगेच धरतो, आणि जाळीचे स्क्रू गंजून बसतात. काकूंच्या जाळीचा एक स्क्रू असाच तुटला होता.

आम्ही कामाला लागलो. आधी एमसीबी पाडला आणि फॅनचा प्लगही काढला. नुसतं बटण बंद करून हात घालू नये, कारण वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही फॅनमध्ये वीज राहते. पात्यांचा मधला नट फिरेना. बऱ्याच फॅनमध्ये इथे उलटे आटे असतात, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेला फिरवलं की सुटतं. टोपीवर बाण कोरलेला असतो, तो मळाखाली दिसत नव्हता. पुसला, दिसला, आणि नट हलक्या हाताने निघाला. जोर लावला असता तर दांडा वाकला असता.

पाणी लावण्याआधी सगळं कोरडंच झाडलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण सुक्या धुळीवर पाणी पडलं की तिचा चिखल होतो आणि तोच चिखल खालच्या चिकट थरात रुतून बसतो. रंगाच्या जुन्या ब्रशने जाळी आणि पाती वर्तमानपत्रावर झाडली तेव्हा मूठभर लव निघाली.

मग मी काकूंकडे खोबरेल मागितलं. त्या बघतच राहिल्या, तेल काढायला तेल? अर्ध्या विणलेल्या जाळ्यात ताजं तेल शिरतं, जाळं फुगवतं आणि त्याची पकड सैल करतं. पाणी तिथे शिरूच शकत नाही. सगळीकडे पातळ हात फिरवून अर्धा तास ठेवलं. मधाच्या रंगाचा थर मऊ पडला आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडला तसा लोण्यासारखा निघून आला.

उरलं ते कडक पापुद्र्याचं काम. विणलेलं जाळं कशातच विरघळत नाही, ते रासायनिकरीत्या तोडावं लागतं. त्यासाठी ५ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचं लिक्विड घातलं. पाणी हाताला जेमतेम सोसेल एवढंच गरम हवं, उकळतं पाणी पातळ प्लास्टिक वाकवतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू ११ च्या जवळ असतो. खवट तेलात सुटी झालेली आम्लं त्याच्याशी मिळून साबण बनतात, आणि जाळ्यातले काही बंधही सावकाश तुटतात. खाण्याच्या सोड्याचा सामू साडेआठच्या खालीच राहतो, त्याला हे जमत नाही. त्यात व्हिनेगर ओतून फसफस केली तर दोघेही एकमेकांना मारतात आणि हाती जवळजवळ मिठाचं पाणी उरतं. हातमोजे घालून अर्ध्या तासाने टूथब्रशने घासलं. पाण्याला चहाचा रंग आला होता. अगदी चिवट दोन कोपऱ्यांसाठी तेच पुन्हा एकदा करावं लागलं.

एक गोष्ट मात्र सोड्यात बुडवण्याआधी तपासावीच लागते. काकूंच्या फॅनची जाळी प्लास्टिकची होती, पण पाती धातूची. लोहचुंबक लावला, चिकटला नाही, आणि पाती हाताला हलकी लागत होती, म्हणजे अॅल्युमिनियम. धुण्याचा सोडा अॅल्युमिनियमला खातो. आधी बारीक बुडबुडे येतात, मग धातू काळा पडतो आणि खडबडीत होतो, आणि खडबडीत पात्यावर पुढच्या वेळी मळ लवकर धरतो. म्हणून पाती नुसत्या गरम पाण्यात लिक्विड घालून धुतली. थिनरचा मोह तर कुठल्याच प्लास्टिकवर करू नये. काही वर्षांपूर्वी माझ्या घरच्या जाळीवर मी थिनरचा बोळा फिरवला होता. मळ गेला, पण जाळी परत बसवताना स्क्रू आवळला आणि पट्ट्यांमध्ये केसासारख्या चिरा पळत गेल्या. थिनर प्लास्टिकच्या आत शिरतो आणि आधीच ताण असलेल्या जागी त्याला फोडतो. मळ निघाल्यावरही प्लास्टिकला जी पिवळट झाक राहते ती प्लास्टिकचीच असते. ती घासून जात नाही, उगाच ओरखडे पडतात.

पाती सारखी स्वच्छ होणं हे दिसण्यापुरतं नसतं. ६ इंची फॅन मिनिटाला साधारण १३५० फेरे घेतो. एका पात्याच्या टोकाशी, मध्यापासून ७ सेंटिमीटरवर, फक्त १ ग्रॅम मळ जास्त राहिला तर तो दांड्याला १४० ग्रॅम वजनाएवढा ओढतो, म्हणजे एखादा मध्यम बांगडा टांगल्यासारखा, आणि ही ओढ सेकंदाला २२ वेळा दिशा बदलत फिरते. काकूंच्या फॅनची घरघर तीच होती. सगळी पाती अर्धवट पुसली तर एकवेळ चालतं, पण दोन लख्ख आणि तिसरं तसंच ठेवलं तर फॅन आधीपेक्षा वाईट थरथरतो आणि दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजतो.

मोटरला पाणी लावायचं नाही, तिच्या फटी कोरड्या ब्रशने झाडायच्या. दांडा बोटाने फिरवून सोडला तर तो सहज काही फेरे घेऊन थांबला पाहिजे. काकूंचा अर्ध्या फेऱ्यात अडकला. बुशमधलं तेल आटलं होतं. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब बुशपाशी सोडून दांडा हाताने फिरवत राहिलो, थोड्या वेळात तो मोकळा झाला. ते खनिज तेल असतं, त्याचा डिंक होत नाही. इथे मात्र खोबरेल नको. जानेवारीतल्या पहाटे बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं ते बुशमध्येही थिजेल. तेल देऊनही दांडा अडकत असेल, किंवा दहा मिनिटं चालवल्यावर जळका वास येत असेल, तर बुश किंवा वाइंडिंग गेलं आहे. तिथे साफसफाईचा उपयोग नाही आणि तो फॅन चालवत ठेवणं धोक्याचं आहे.

सगळं एक रात्र पंख्याखाली वाळवून दुसऱ्या दिवशी जोडलं. फॅन चालू करून वर्तमानपत्राचं अर्धं पान जाळीला लावलं. धरलं, पण लगेच घसरलं. आवाज तर बंद झाला होता, मग ओढ कुठे गेली? बाहेरच्या बाजूने पाहिलं तर झडपांच्या तीन पट्ट्यांपैकी दोन त्याच डिंकाने एकमेकींना चिकटल्या होत्या आणि फॅनचा वारा त्यांना उघडू शकत नव्हता. त्या सोडवल्या, बिजागऱ्या पुसल्या, तरी पान डगमगतच होतं. शेवटी बाथरूमचं दार, जे तळाशी जमिनीला घासत होतं, ते काकूंनी दोन बोटं उघडलं. पान सपकन जाळीला जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. चवथ झाली की सुताराला बोलावून ते दार खालून अर्धा इंच तासून घ्यायचं ठरलं आहे. तोपर्यंत तळण चालू असताना हा फॅन बंद आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी.